एक्स्पायर झालेली औषधं: रॅकमधून काढण्यापासून क्रेडिट नोट मिळेपर्यंत

पट्टीवर एक्स्पायरी १२/२०२५ छापली असेल, तर ते औषध ३१ डिसेंबरपर्यंत विकता येतं. १ जानेवारीला दुकान उघडलं की ते रॅकमध्ये असता कामा नये. औषध नियम १९४५ मधला नियम ६५(१७) मुदत संपलेलं औषध विकायला मनाई करतो, तशीच ते दुकानात साठवायलाही करतो. मग स्टॉकिस्टकडे परत जाईपर्यंत हा माल ठेवायचा कुठे?

याची सोय त्याच नियमात आहे, पण तिला अटी आहेत आणि त्यातली सर्वात महत्त्वाची अट बहुतेक दुकानदारांच्या लक्षात राहत नाही. माल परत पाठवण्यासाठी, त्याची भरपाई मिळवण्यासाठी किंवा त्याची विल्हेवाट लावण्यासाठी उत्पादकाकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे तुम्ही काही पाऊल उचललेलं असेल, तरच तो दुकानात ठेवता येतो. तोही विक्रीच्या मालापासून वेगळा, खोक्यात, आणि खोक्यावर वरच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘नॉट फॉर सेल’ लिहिलेलं हवं. खोकं आणि त्यावरची पट्टी बहुतेक ठिकाणी असते. पाऊल उचलल्याचा कागद मात्र नसतो. औषध निरीक्षकाने विचारलं की ‘स्टॉकिस्टला सांगितलंय’ एवढंच उत्तर मिळतं. तोंडी सांगणं दाखवता येत नाही. म्हणून खोक्यात माल टाकला त्याच दिवशी क्लेमची यादी करा, स्टॉकिस्टला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह त्याची सही-शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली तरी छापील प्रत फाइलला लावा. पुढे पैशांवरून वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

दर महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअरमधून पुढच्या तीन महिन्यांची एक्स्पायरी यादी काढायची आणि ती हातात धरून रॅक तपासायचं. नुसत्या यादीवर विसंबू नका, कारण बिल करताना एका बॅचच्या जागी दुसरी बॅच टाकली गेलेली असते. यादीत संपलेली बॅच प्रत्यक्ष रॅकमध्ये सापडते. फ्रिज तपासायला विसरू नका. मुदत संपलेलं इन्सुलिन किंवा लस चालू मालाशेजारी फ्रिजमध्ये राहून जाते. मुदत संपल्यावर तिला थंडाव्याची गरज उरत नाही, ती बाहेर काढून खोक्यात ठेवा.

क्लेम कोणाला मिळतो

औषध विक्रीचा परवाना हवा आणि माल त्याच स्टॉकिस्टकडून पक्क्या बिलावर घेतलेला हवा. दुसरी गोष्ट बोलायला सोपी आहे, पण सर्वात जास्त क्लेम तिथेच अडतात. एकच ब्रँड आपण दोन-तीन स्टॉकिस्टकडून घेतो, कोणी स्कीम देतो म्हणून तर कोणी लवकर माल पोचवतो म्हणून. परत देताना पट्ट्या बॅचप्रमाणे वेगळ्या केल्या नाहीत, तर स्टॉकिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बॅच तुमच्या नावावर निघत नाही आणि क्लेम नाकारला जातो. म्हणून यादीत प्रत्येक ओळीत औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी, नग आणि खरेदी बिलाचा क्रमांक व तारीख हवी. सोबत बिलाची प्रत, तुमचा परवाना क्रमांक आणि असेल तर जीएसटी क्रमांक.

मुदतीचं बंधन कंपनीच्या धोरणातून येतं. एक्स्पायरीच्या किती महिने आधी आणि किती महिने नंतरपर्यंत माल परत घेतला जाईल, हे प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. काही कंपन्या रकमेतून टक्का कापतात, काही औषधं मुळात ‘परत नाही’ या अटीवरच येतात. खरेदी करतानाच हे विचारून घ्या आणि स्टॉकिस्टनिहाय तक्ता काउंटरमागे चिकटवा.

स्कीमचा माल असेल तर दरावरून गैरसमज होतो. ८० रुपये दराच्या पट्ट्या दहावर एक फुकट घेतल्या, तर अकरा पट्ट्यांना ८०० रुपये पडले. अशा पट्टीचं क्रेडिट साधारण ७२ रुपये ७३ पैसे धरलं जातं. यात स्टॉकिस्टची लबाडी नाही.

कापलेली पट्टी बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तरीही पट्टी कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेला भाग शेवटपर्यंत आपल्याकडे राहील असंच कापा. हे क्लेमपुरतं नाही. ज्या पट्टीवर तारीख उरली नाही, ती एक्स्पायर झाली की नाही हे तुम्हाला आणि पेशंटला दोघांनाही कळणार नाही.

जीएसटीचा हिशेब, एका उदाहरणातून

एक्स्पायरीच्या मालावर कर कसा धरायचा, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या २६ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकात (क्रमांक ७२/४६/२०१८) दिलेलं आहे. दोन वाटा आहेत. पहिलीत तुम्ही माल चलनावर परत देता आणि स्टॉकिस्ट क्रेडिट नोट काढतो. दुसरीत माल परत देणं ही नवी विक्री मानून तुम्हीच स्टॉकिस्टच्या नावे टॅक्स इन्व्हॉइस काढता, किंमत मूळ खरेदीचीच धरून.

समजा, जत तालुक्यातल्या एका मेडिकलने ऑगस्ट २०२४ मध्ये एका अँटिबायोटिकच्या पट्ट्या ८० रुपये दराने घेतल्या. त्या वेळी जीएसटी १२ टक्के होता. डिसेंबर २०२५ अखेर दहा पट्ट्या उरल्या. खरेदी किंमत ८०० रुपये, कर ९६, एकूण ८९६. या ९६ रुपयांचं इनपुट टॅक्स क्रेडिट दुकानाने तेव्हाच घेतलेलं आहे.

करासह क्रेडिट नोट काढायची मुदत, खरेदी ज्या आर्थिक वर्षातली असेल ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं असेल तर तेव्हापर्यंतच. ऑगस्ट २०२४ च्या बिलासाठी ती ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली. माल एक्स्पायर व्हायच्या आधीच! या नियमाने एप्रिलमध्ये घेतलेल्या मालाला जवळपास वीस महिने मिळतात, तर मार्चमध्ये घेतलेल्याला फक्त आठ.

मुदत गेल्यावर स्टॉकिस्टला त्याच्या करात वजावट घेता येत नाही. मग तो ८०० रुपयांची, कर न धरलेली क्रेडिट नोट देतो. इथे दुकानदाराला वाटतं की ९६ रुपये बुडाले. ते बुडालेले नाहीत, कारण तेवढं क्रेडिट त्याने खरेदीच्या वेळीच घेतलं होतं. मुदतीत ८९६ ची नोट मिळाली असती, तर ९६ रुपये उलट फिरवावे लागले असते. हातात ८००च राहिले असते. ८९६ ची नोटही घ्यायची आणि ९६ चं क्रेडिटही ठेवायचं, ही चूक जीएसटीआर-२बी मध्ये लगेच दिसते, कारण स्टॉकिस्टची क्रेडिट नोट तिथे आपोआप उतरते.

दुसरी वाट धरली तर नोव्हेंबरच्या मुदतीचा प्रश्न येत नाही. पण दर विक्रीच्या दिवशीचा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं ५ टक्क्यांवर आली आहेत, त्यामुळे जानेवारी २०२६ मध्ये इन्व्हॉइस ८०० अधिक ४० असं निघेल. ४० रुपये तुम्ही सरकारला भराल, स्टॉकिस्ट त्याचं क्रेडिट घेईल आणि तुमच्याकडे ८०० राहतील. करासह क्रेडिट नोट मात्र मूळ बिलाच्या दरानेच निघते. २२ सप्टेंबरपूर्वीच्या खरेदीवर कोणी ५ टक्क्यांची क्रेडिट नोट दिली, तर ती दुरुस्त करून मागा.

खरं नुकसान होतं ते कंपोझिशनमधल्या दुकानांचं, आणि खेडोपाडी अशी दुकानं भरपूर आहेत. त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून त्याच दहा पट्ट्या त्यांना ८९६ रुपयांना पडल्या. मुदतीत क्रेडिट नोट आली तर ८९६ परत मिळतात. मुदत टळली तर ८०० मिळतात आणि ९६ खरोखर खिशातून जातात. नवी विक्री म्हणून बिल ऑफ सप्लाय काढलं तरी त्यावर कंपोझिशनचा कर बसतो, आणि स्टॉकिस्टला त्याचं क्रेडिट मिळत नाही म्हणून तो अशा बिलाला नाखूश असतो. कंपोझिशनवाल्यांनी सप्टेंबरमध्ये मागच्या आर्थिक वर्षातला उरलेला माल तपासावा आणि मुदत जवळ आलेला माल, कंपनी घेत असेल तर, एक्स्पायरीची वाट न बघता ऑक्टोबरमध्येच परत द्यावा.

जो माल कोणीच घेत नाही

त्याच मेडिकलमध्ये एक कापलेली पट्टी होती, पाच गोळ्या उरलेल्या. स्टॉकिस्टने ती नाकारली. ही ४० रुपयांची खरेदी आता राइट ऑफ करायची. सॉफ्टवेअरमध्ये नग नुसते पुसू नका. ‘एक्स्पायरी-ब्रेकेज’ म्हणून स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटची नोंद करा, म्हणजे बॅच आणि तारखेसह ती वर्षभराने काढता येईल आणि खात्यात नुकसान म्हणून दिसेल. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट किंवा राइट ऑफ केलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं. इथे ते ४ रुपये ८० पैसे. जीएसटीआर-३बी मध्ये ते तक्ता ४(बी)(१) मध्ये दाखवायचं. रक्कम लहान असली तरी वर्षभराची बेरीज लहान राहत नाही, आणि तपासणीत अधिकारी आधी एक्स्पायरीचं खातं उघडतात.

प्रत्यक्ष गोळ्या घंटागाडीत टाकू नका. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे मुदत संपलेली औषधं उत्पादकाकडे परत जावीत किंवा जाळून नष्ट व्हावीत. कर्करोगावरच्या औषधांसाठी १२०० अंशांपेक्षा जास्त तापमानाची भट्टी सांगितली आहे. जिल्ह्याच्या सामायिक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राकडे माल द्या आणि पावती घ्या. दुकान रुग्णालयाच्या आवारात असेल तर रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीतून पाठवा, नोंद दोघांकडे ठेवा. देण्याआधी पट्ट्यांवर मार्करने काट मारा, बाटल्यांची लेबलं फाडा. कचऱ्यातून उचललेली सिरपची अख्खी बाटली पुन्हा कोणाच्या तरी घरी जाऊ शकते. शेड्यूल एक्सचं किंवा नार्कोटिक औषध असेल तर रजिस्टरमधली शिल्लक आणि परत दिलेले नग जुळले पाहिजेत, त्याची यादीही वेगळी करा.

क्लेम दिल्यावर स्टॉकिस्ट म्हणतो की माल कंपनीच्या सी अँड एफकडे गेलाय, तिथून क्रेडिट आलं की देतो. यात महिने जातात. दर महिन्याचं पेमेंट करताना थकीत क्लेमची यादी पुढे ठेवा, आणि क्रेडिट नोट आली की ती क्लेमच्या प्रतीशी ओळीओळीने ताडून बघा. एकूण रकमेत कपात असेल तर कोणत्या बॅचवर आणि का, हे लेखी मागा. कारण मुदतीबाहेर गेल्याचं असेल, तर सही-शिक्क्याच्या प्रतीवरची तारीख दाखवा.