बादलीचा तडा: वितळवून सांधायचा की चिकटवायचा?

बादली तडकली की पहिला प्रश्न येतो: सगळ्यात मजबूत ग्लू कोणता? हा प्रश्नच चुकीचा आहे. ग्लू किती मजबूत हे नंतरचं. बादली कसली बनलेली आहे हे आधी बघायचं. बहुतेक बादल्या, टब आणि ड्रम एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीनचे असतात, आणि या दोन्ही प्लॅस्टिकांना नेहमीचं कोणतंच चिकटद्रव्य धरत नाही. सुपरग्लू नाही, एपॉक्सी नाही, पीव्हीसी पाइपांचं सोल्युशनही नाही.

कारण थोडक्यात असं. ग्लू धरायला आधी तो पृष्ठभागावर पसरावा लागतो. या प्लॅस्टिकवर तो पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतो. सोल्युशन लावून विरघळवावं म्हटलं तर खोलीच्या तापमानाला हे प्लॅस्टिक सहसा कशातच विरघळत नाही. एपॉक्सी वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण ती फक्त ओरखड्यांत अडकलेली असते. बादली भरली, भिंत थोडी वाकली, की आख्खी पट्टी एका तुकड्यात सुटते. तिची खालची बाजू गुळगुळीत दिसली तर समजा की ती कधी चिकटलीच नव्हती.

प्लॅस्टिक ओळखणं सोपं आहे. बुडाला त्रिकोणात आकडा असतो: २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. हे तिन्ही उष्णतेने सांधायचे. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, हे चिकटवायचे. आकडा पुसला असेल तर कडेचा नखाएवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर २, ४ किंवा ५ पैकी काहीतरी. बुडाला तर बहुधा पीव्हीसी, एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. मात्र खडूची पूड मिसळलेलं स्वस्त पॉलिप्रोपिलीनही बुडू शकतं. पीव्हीसीला कधीही तापवू नका, त्यातून घशाला झोंबणारा आम्लाचा वायू निघतो.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. खरा घोळ पुढे आहे, आणि तो इतक्या वेळा दिसतो की राग येतो: गरम केलं म्हणजे सांधलं, असं नसतं.

तड्यावर ग्लू गनची कांडी वितळवून ओतणं हे चिकटवणंच आहे. पॉलिथिनची पिशवी पेटवून तिचे थेंब तड्यावर टाकणं हेही चिकटवणंच, वर घातक धूर. दोन्हीत वरचा माल गरम असतो, पण बादलीची भिंत थंडच राहते. स्टीलच्या ताटावर मेणबत्तीचं मेण सांडलं तर ते नखाने जसं निघतं, तसा हा थर निघतो. सांधा तेव्हाच होतो जेव्हा तड्याच्या दोन्ही कडा स्वतः वितळतात, त्यांत त्याच जातीचं वितळलेलं प्लॅस्टिक दाबलं जातं, आणि सगळं मिळून एकत्रच थंड होतं. तेव्हा दोन्हीकडच्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि मधली सीमारेषा उरत नाही. थोडक्यात, भरावाची पट्टी वितळली का, हे महत्त्वाचं नाही. भिंत वितळली का, ते बघायचं.

'त्याच जातीचं' हेही शब्दशः घ्यायचं. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रोपिलीन १६५ च्या आसपास, आणि वितळल्यावरही ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत. पॉलिप्रोपिलीनच्या टबात एचडीपीईच्या झाकणाची पट्टी भरली तर सांधा दिसायला सुरेख होतो आणि पहिल्या धक्क्याला सोलून निघतो. आकडा नसेल तर नख लावून बघा: एचडीपीई मेणचट असतं, नखाचा ओरखडा उमटतो, पॉलिप्रोपिलीनवर सहसा उमटत नाही. तरी खात्री हवीच. बुडाच्या बाहेरच्या बाजूला, नजरेआड, पट्टीचा छोटा ठिपका वितळवून बसवा आणि पूर्ण गार झाल्यावर पक्कडीने ओढा. अख्खा निघाला तर जात वेगळी. तुटला किंवा भिंतीचा पापुद्रा सोबत घेऊन आला तर जात तीच.

आता एक नेहमीचा तडा घेऊ. एचडीपीईची २० लिटरची बादली, भिंत २ मिलिमीटर, आणि बुडाच्या वळणापासून वर गेलेला १० सेंटिमीटरचा उभा तडा.

आधी तड्याचं खरं टोक शोधा. भिंत हलकी वाकवली की दिसणाऱ्या चिरेच्या पुढे एक बारीक पांढरट रेघ उमटते. तडा तिथपर्यंत गेलेला असतो. त्या रेघेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. हे भोक टाळलं तर सांधा टिकतो आणि तडा त्याच्या वरून पुढे चालू लागतो. बुडाकडचं टोकही असंच तपासा.

मग तड्याच्या दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा कटरच्या पात्याने खरवडा, आतला ताजा रंग दिसेपर्यंत. वरचा थर उन्हाने आणि हवेने जळालेला असतो, तो वितळतो पण मिसळत नाही. साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. चिरेत पाणी राहिलं तर सांध्यात बुडबुडे येतात.

बाहेरच्या बाजूने तड्यावर व्ही आकाराची खाच कापा, दीड मिलिमीटर खोल. नुसत्या वरच्या कडा सांधून समाधान मानणं ही इथली सगळ्यात मोठी चूक आहे. आत अर्धा तडा उघडाच राहतो आणि तिथूनच परत फाटतं. भरावासाठी २ आकड्याच्या झाकणाच्या ३ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून ठेवा.

हत्यार म्हणून चपट्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न चांगलं. तापमान बदलता येत असेल तर २५० ते २८० अंश ठेवा. साधं २५ वॉटचं आयर्न यापेक्षा बरंच जास्त तापतं, म्हणून ते एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा. प्लॅस्टिक चकचकीत होऊन दाट मधासारखं हललं की ते तयार आहे. धूर आला किंवा कड तपकिरी झाली तर ते जळलं. जळलेला भाग खरवडून पुन्हा सुरू करा, त्यावर भराव टाकू नका.

आतून लाकडी फळीचा आधार द्या आणि दर दोन सेंटिमीटरवर कडा एकमेकींत ठिपक्याने जोडून घ्या, म्हणजे त्या वरखाली होणार नाहीत. मग भोकाच्या बाजूने सुरू करा. क्रम महत्त्वाचा: आधी आयर्नचं टोक खाचेच्या तळाशी टेकवा, दोन्ही कडा वितळू द्या, आणि त्या वितळलेल्या मालात पट्टी दाबा. पट्टी आधी वितळवून खाचेत सोडली तर आपण परत थेंब टाकण्यावर आलो. एका वेळी साधारण १ सेंटिमीटरच करा आणि पुढचा सेंटिमीटर सुरू करताना आधीचं टोक पुन्हा वितळवून घ्या. भोकही त्यातच भरून टाका.

अर्धा तास आपोआप गार होऊ द्या. पाणी ओतून गार करू नका. बाहेरचा थर आधी आकसतो आणि आतला ताण सांध्याच्या कडेला नवी चीर पाडतो. मग आतल्या बाजूने उथळ खाच कापून तेच करा. वरचा उंचवटा एखाद मिलिमीटर राहू द्या. तो घासून भिंतीला सपाट करण्याची हौस अनेकांना असते आणि ती मला अजिबात पटत नाही. ताकद तिथेच असते.

तपासणी दोन पायऱ्यांत. उंचवट्याच्या कडेखाली पात्याचं टोक घालून उचका. कड सलग उचलली गेली तर खालची भिंत वितळली नव्हती, तेवढा भाग परत करा. ठीक असेल तर बादली भरून, बाहेरून पुसून, कोरड्या कागदावर रात्रभर ठेवा. कागद ओला झाला तर कुठे ते कळतं.

काही बादल्या मात्र सांधायच्याच नसतात. कड खरवडताना एचडीपीईची लांब, लवचीक साल निघायला हवी. साल न निघता भुगा पडत असेल, किंवा वाकवल्यावर कडकड आवाज येत असेल, तर उन्हाने प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटल्या आहेत. सांधा कितीही नीट केला तरी त्याच्या शेजारी नवा तडा जातो. तसंच कडीचं कान तुटलं असेल तर भरलेल्या बादलीचे २० किलो सांध्यावर टांगू नका. तशी बादली सांधून उचलण्याऐवजी जागेवर पाणी साठवायला वापरा.

मग चिकटद्रव्याला जागा कुठे? पीव्हीसी आणि एबीएसच्या टबांना त्यांचं त्यांचं सोल्युशन उष्णतेपेक्षा चांगलं, कारण ते पृष्ठभाग विरघळवून खरा सांधा करतं. आतून त्याच प्लॅस्टिकचा, तड्यापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठा तुकडा लावा आणि २४ तास पाणी घालू नका. एचडीपीई आणि पॉलिप्रोपिलीनसाठी खास बनवलेली दोन भागांची अॅक्रिलिक चिकटद्रव्यंही मिळतात आणि ती खरोखर धरतात, पण डब्यावर या प्लॅस्टिकांची नावं स्पष्ट छापलेली हवीत. 'सर्व प्लॅस्टिकसाठी' एवढंच लिहिलं असेल तर पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन वगळून, असं बहुतेक वेळा तिथे सापडतं.