‘मैंने दूध पी’ : एका वहीतल्या चुकीचा माग

माझी भाची यंदा कोल्हापूरहून इंदूरला आली आणि सातवीत बसली. रामबागेतल्या आमच्या घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, हा प्रकार तिला नवा होता. पहिल्याच महिन्यात हिंदीच्या वहीत वर्तमानकाळातली वाक्यं भूतकाळात बदलायचा स्वाध्याय आला. ‘मैं चाय पीती हूँ’ याचं तिनं केलं ‘मैं चाय पी’. बाईंनी ‘मैं’भोवती लाल गोल काढून वर ‘ने’ लिहिला. दुसऱ्या दिवशी भाचीनं इमानदारीनं लिहिलं, ‘मैंने दूध पी’. पुन्हा लाल गोल, या वेळी ‘पी’भोवती.

“मावशी, काल ‘पी’ बरोबर होतं, आज चूक कसं?”

प्रश्न रास्त आहे. खरं तर कालचं ‘पी’सुद्धा बरोबर नव्हतं, ते नुसतं जुळून आलं होतं.

भाचीच्या डोक्यात मराठी वाक्य होतं ‘मी चहा प्यायले’. इथे क्रियापद पिणाऱ्या मुलीकडे बघतं. मुलगा असता तर ‘प्यायलो’ झालं असतं. शाळेत याला आपण कर्तरी प्रयोग म्हणतो. तिनं तोच नियम हिंदीत नेला, मुलगी म्हणून ‘पी’. हिंदीत मात्र ‘पी’ येतं ते चाय स्त्रीलिंगी म्हणून. दोन वेगळ्या कारणांनी एकच रूप निघालं आणि चूक झाकली गेली. दूध हिंदीत पुल्लिंगी, तिथे झाकण उडालं. बरोबर वाक्य ‘मैंने दूध पिया’, बोलणारी मुलगी असो की मुलगा.

म्हणून एखाद्याला हा नियम समजला आहे का हे पाहायचं असेल तर कर्ता आणि कर्म यांची लिंगं मुद्दाम उलटी ठेवावीत. मुलीला आम किंवा दूध द्यावं, मुलाला रोटी किंवा चाय. मुलीनं ‘मैंने रोटी खाई’ लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. ‘मैंने आम खाया’ लिहिलं तर कळतं. स्वाध्याय छापणारे हे पाळत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता गंमत अशी की हा नियम मराठी माणसाला परका मुळीच नाही. ‘त्याने पोळी खाल्ली’, ‘तिने आंबा खाल्ला’: कर्त्याला ‘ने’ आणि क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे. हा आपला कर्मणी प्रयोग हिंदीच्या ‘उसने रोटी खाई’शी जुळतो. संस्कृतात ‘रामेण फलं खादितम्’ म्हणजे ‘रामाकडून फळ खाल्लं गेलं’ अशी वाक्यं होती. त्यातलं खाल्लेल्या वस्तूचं विशेषणच पुढे भूतकाळी क्रियापद झालं, म्हणून ते अजून वस्तूचं लिंग धरून चालतं. अवधी किंवा भोजपुरी बोलणाऱ्याला ही सोय नाही, तिथे कर्त्यामागे असा ‘ने’ लागतच नाही. तेव्हा आपली अडचण नियमाची नाही. तोच नियम दोन भाषा वेगवेगळ्या ठिकाणी लावतात, अडखळायला होतं ते त्या ठिकाणांवर.

पहिलं ठिकाण ‘मी’ आणि ‘तू’. मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘तू आंबा खाल्लास’. क्रियापद तिन्हीकडे आंब्याचंच ऐकतं, ‘ने’ मात्र तिसऱ्या पुरुषालाच लागतो. मराठी ‘मी’ हे रूप मुळात संस्कृत ‘मया’च्या वंशातलं, म्हणजे तृतीयेचंच आहे. हिंदी ‘मैं’चं कूळही तेच, पण हिंदीनं त्याच्यावर पुन्हा एक ‘ने’ चढवला. पंजाबीत आपल्यासारखंच आहे, पहिल्या-दुसऱ्या पुरुषाला ‘ने’ नाही. जगात इतरत्रही ही फूट दिसते. ऑस्ट्रेलियातल्या जिरबल भाषेत नामांना असा कर्त्याचा प्रत्यय लागतो, पण मी-तूवाचक सर्वनामांना लागत नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन या भाषाशास्त्रज्ञानं 1976 मध्ये अशा भाषा शेजारी ठेवून दाखवलं, की फूट पडते तेव्हा ‘मी’ आणि ‘तू’ सहसा एका बाजूला राहतात. तेव्हा ‘मैं आम खाया’ लिहिणारं मराठी पोर निष्काळजी नसतं. त्याची मराठी पक्की असते, म्हणूनच ते असं लिहितं. उपाय सरळ आहे: हिंदीत मैंने, तूने, हमने, तुमने, उसने, उन्होंने, सगळ्यांना ‘ने’, कुणालाही सूट नाही.

दुसरं ठिकाण जास्त चिवट आहे, आणि भाचीची चूक तिथलीच होती. मराठीत काही क्रियापदं कर्म घेतात, तरी कर्त्याला ‘ने’ लावू देत नाहीत. ती साडी नेसली. तो मराठी शिकला. ती दूध प्यायली. तो ‘हो’ म्हणाला. चारही ठिकाणी हिंदीत ‘ने’ हवा: उसने साड़ी पहनी, उसने मराठी सीखी, उसने दूध पिया, उसने ‘हाँ’ कहा. (‘त्याने चहा प्यायला’ असंही हल्ली सर्रास बोललं जातं. ज्यांच्या घरी असं बोलतात त्यांची मुलं इथे कमी अडखळतील.) माझ्या मते यात सगळ्यात फसवं ‘चावणे’ आहे. आपण म्हणतो ‘मला कुत्रा चावला’, कुत्रा साधा, प्रत्ययाविना. त्यावरून ‘मुझे कुत्ता काटा’ होतं. हिंदीत कुत्र्यालाही ‘ने’ लागतो: मुझे कुत्ते ने काटा. शिवाय ‘कुत्ता’चा ‘कुत्ते’ होतो, जसा आपल्याकडे कुत्र्याचा ‘कुत्र्याने’ होतो.

याच्या उलटा एक शब्द आहे, ‘लाना’. मराठी ‘आणणे’ला ‘ने’ लागतो, ‘त्याने दूध आणलं’. हिंदीत मात्र ‘वह दूध लाया’, मुलगी असेल तर ‘वह दूध लाई’. याचं कारण ऐकलं की ते विसरत नाही. ‘लाना’ म्हणजे ‘ले आना’, घेऊन येणं, दोन शब्द आखडून एक झालेले. त्यात शेवटी ‘आना’ आहे, आणि येण्याला ‘ने’ लागत नाही. आपणही ‘तो दूध घेऊन आला’ म्हणतो, ‘त्याने घेऊन आला’ म्हणत नाही. माझ्या आजीचा अख्खा जन्म इंदुरात गेला, तरी ती भाजीवाल्याला ‘कल तुमने पालक नहीं लाया’ असंच ऐकवायची. भाजीवाला तिला पालक द्यायचाच, म्हणून तिला कधी सुधारावं लागलं नाही.

‘शेवटचा शब्द बघा’ हा ‘लाना’चा धडा जोडक्रियापदांना सरसकट लागू पडतो. भाचीला मी दोन वाक्यं शेजारी लिहून दिली: ‘मैंने दूध पी लिया’ आणि ‘मैं दूध पी गई’. दूध तेच, पिणारी तीच. पहिल्यात शेवटी ‘लेना’ आहे, तो ‘ने’ मागतो, मग क्रियापद दुधाप्रमाणे ‘लिया’. दुसऱ्यात शेवटी ‘जाना’, त्याला ‘ने’ नको, म्हणून क्रियापद मुलीप्रमाणे ‘गई’. पिण्याचं मत इथे कुणी विचारतच नाही. ‘सकना’, ‘चुकना’, ‘लगना’ हेही जाण्याच्याच पंगतीतले: मैं दूध पी सकी, पी चुकी, पीने लगी.

दोन दिवसांत ‘ने’ जागेवर बसला, तरी वहीत एक लाल गोल उरला होता: ‘दुकानदार ने दुकान खोला’. इथे ‘ने’ बरोबर, क्रियापद कर्माकडे बघतं हेही बरोबर. चुकलं ते दुकानाचं लिंग. मराठीत ‘ते दुकान उघडलं’, नपुंसक. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून आपलं मन ‘उघडलं’चा जवळचा नातेवाईक शोधतं आणि ‘खोला’वर थांबतं. पाणी, दूध, दही, घर यांना हा अंदाज लागू पडतो, ती हिंदीत पुल्लिंगीच आहेत. दुकान आणि नाक मात्र हिंदीत स्त्रीलिंगी, पुस्तकाची ‘किताब’ आणि घड्याळाची ‘घड़ी’ही. म्हणून दुकान खोली, किताब पढ़ी, घड़ी पहनी. ही चूक ‘ने’ची नाही हे ओळखायला क्रियापद बाजूला ठेवून विशेषण लावायला सांगावं. जी मुलगी ‘बड़ा दुकान’ म्हणेल तिला ‘ने’चा नियम पुन्हा समजावण्यात अर्थ नाही. तिला लिंग सांगावं.

कर्माला ‘को’ लागला की हिंदी क्रियापद कुणाचंच ऐकत नाही: ‘मैंने बिल्ली को देखा’. ‘मी मांजरीला पाहिलं’ हा आपला भावे प्रयोग तसाच, फक्त आपण नपुंसकाकडे जातो आणि हिंदी पुल्लिंगाकडे. इथे मराठी मुलं सहसा चुकत नाहीत. बडोद्याच्या मराठी घरांत मात्र कानावर गुजराती असते, आणि तिथे ‘में बिलाडीने जोई’ म्हणतात, म्हणजे प्रत्यय लागूनही क्रियापद मांजरीप्रमाणेच. वर तो ‘ने’ आपला ‘ला’ आहे! अशा घरातलं मूल ‘मैंने बिल्ली को देखी’ लिहू लागलं, तर दोष मराठीला देऊ नये.

शनिवारी स्वाध्यायातली शेवटची ओळ राहिली होती: ‘दादी बाज़ार से साबुन लाती हैं’. भाचीनं पेन्सिल चावत ओठांत काहीतरी पुटपुटलं आणि लिहिलं, ‘दादी बाज़ार से साबुन लाईं’. मी विचारलं, “ने कुठे गेला?”

“ले आईं ना, मावशी. दादी आल्या, साबण नाही आला.”