तान्ह्यासोबत लांबचा विमानप्रवास: डब्यात काय भराल?

आमच्याकडून खाऊ नेणारे बरेच जण ऑस्ट्रेलियाला लेकीकडे किंवा मुलाकडे जातात, म्हणून मुंबई–सिंगापूर–मेलबर्न हाच प्रवास धरून लिहितो. साडेपाच तास, मग थांबा, मग साडेसात तास. घरातून निघाल्यापासून वीसेक तास होतात. दीड वर्षाच्या बाळाला एवढ्यात चार-पाच वेळा खायला लागतं.

आधी आमच्याच मालाबद्दल. नाचणीसत्त्व विमानात नेऊ नका. ते गॅसवर शिजवावं लागतं, आणि विमानातलं गरम पाणी उकळतं नसतं. एका ताईंनी ते कपात कालवलं, तर वरून पातळ आणि खाली कच्च्या गुठळ्या. त्याऐवजी भाजक्या पोह्यांचं पीठ घ्या. २५ ग्रॅमच्या चार पुड्या करा. एका पुडीला साधारण अर्धा कप गरम पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवलं की मऊ होतं. चमचा उभा राहिला तर पाणी कमी पडलं समजा. पाणी हवाईसुंदरीकडून घ्या, पण बाळ मांडीवर असताना कप हातात घेऊ नका.

दशम्या, उकडलेला बटाटा, केळं चालेल. अख्खे शेंगदाणे, चिक्की, द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात. विमान उतरायला लागलं की बाळाला काहीतरी प्यायला किंवा चघळायला द्या. गिळलं की कानाचे दडे सुटतात.

हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काही नेता येत नाही. दही, तूप, लोणचं हेही पातळातच धरतात. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं नेता येतं, पण ते वेगळं काढून दाखवा. सिंगापूरला गेटवर पुन्हा तपासणी असते आणि तिथे पाण्याची भरलेली बाटली काढून घेतात. सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून सामानात घेत नाहीत, तेव्हा ते बांधू नका.

खरी अडचण मेलबर्नला. भारतातल्या गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, म्हणून इथलं दूध, पेढे, बर्फी, दूध पावडर घातलेली मिश्रणं तिथे नेता येत नाहीत. बाळ सोबत असेल तर त्याचं डब्यातलं फॉर्म्युला दूध चालतं. कच्चा तांदूळ, हरभरे, जिरेही नकोत. त्यांना खपरा किड्याची धास्ती आहे. ताजी फळंही नाहीत. उरलेलं केळं आणि दशमी विमानातच सोडा.

उतरण्याआधी जो फॉर्म मिळतो, त्यात खाण्याच्या प्रश्नांपुढे 'हो' लिहा, मग पिशवीत पोह्याची एकच पुडी का असेना. सांगितलं तर फार तर ती पुडी काढून घेतील. लपवलं तर दंड होऊ शकतो.

आमच्या पुड्यांवर घटक इंग्रजीत छापलेले असतात. लेबल फाडू नका, अधिकारी तेच वाचतात.