थ्रेड काउंट चादरीचा, जीएसएम टॉवेलचा

गेल्या महिन्यात वहिनीने ऑनलाइन मागवलेली डबल बेडशीट मला दाखवली. पाकिटावर ठळक अक्षरात '1000 थ्रेड काउंट' आणि खाली 'ग्लेस कॉटन'. सोबत दोन टॉवेल, त्यांच्यावर '550 जीएसएम'. ती म्हणाली, "हजार म्हणजे टॉवेलपेक्षा दुप्पट चांगलं ना?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की एकदा नीट लिहून टाकतो.

टॉवेलचं थोडक्यात आटोपतो, कारण ते सगळ्यांना हाताला कळतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. टॉवेलमध्ये उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक कापड धरून ठेवतो, दुसरा सैल सोडून त्याचे फासे उभे करतात, आणि पाणी शोषतात ते हे फासे. म्हणून टॉवेलचे धागे मोजून काही समजत नाही, वजन करावं. तीनशेच्या आसपासचा टॉवेल पातळ, चारशे ते सहाशे रोजच्या वापराचा, त्यापुढचा हॉटेलचा. माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर साडेचारशेच्या वर जाऊ नका. सातशेचा टॉवेल जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो.

लिहिलेलं वजन खरं आहे का, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहता येतं. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. 550 जीएसएमचा असेल तर तो साधारण 620 ग्रॅम भरला पाहिजे. वहिनीचा भरला 480, म्हणजे जेमतेम 427. बिनफाशांच्या काठांमुळे दहा-वीस ग्रॅमचा फरक मी सोडून देतो, 140 ग्रॅमचा नाही.

खरा गोंधळ आहे तो चादरीत. थ्रेड काउंट म्हणजे एक चौरस इंचात ताण्याचे म्हणजे उभे किती धागे आणि बाण्याचे म्हणजे आडवे किती, यांची बेरीज. ताण्याचे 180 आणि बाण्याचे 120 असतील तर काउंट 300. एवढीच व्याख्या आहे. पण एका इंचात धागे मावायला मर्यादा असते. जास्त मावण्यासाठी सूत बारीक हवं, आणि सुताच्या बारीकपणाचा काउंट वेगळाच असतो: चाळीसचं, साठचं, ऐंशीचं, शंभरचं. इथे आकडा वाढला की सूत बारीक होतं. चादरींसाठी चाळीस ते शंभरचं सूत चालतं, त्यापुढचं दुर्मिळ आणि महाग. साध्या एकपदरी सुताने चांगली सुती चादर 200 ते 400 मध्ये बसते. साटीन विणीत थोडं वर जाता येतं, कारण तिथे धागे एकमेकांना कमी वेळा ओलांडतात आणि जवळ सरकतात.

मग हजार कुठून येतात? दोन वाटा आहेत. पहिली पदर मोजण्याची: चार बारीक धागे पिळून एक चौपदरी धागा केला, असे 250 धागे विणले आणि 250 गुणिले 4 करून हजार छापले. किंवा बाण्यात एका फटीतून तीन-चार धागे शेजारी शेजारी टाकले आणि प्रत्येक वेगळा मोजला. अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहिताच्या यंत्रणेच्या कर्मचाऱ्यांनी 2005 मध्येच मत दिलं होतं की पदर मोजून काउंट फुगवणं ग्राहकाची दिशाभूल ठरू शकतं. दुसरी वाट सरळ खोटं छापण्याची.

या दोन्ही वाटा पकडायला पुन्हा तोच काटा कामी येतो. चादरीच्या जाहिरातीत जीएसएम कुणी लिहीत नाही, पण तिचा थ्रेड काउंट तपासायला जीएसएमच लागतो. हिशोब सोपा आहे: थ्रेड काउंटला सुताच्या काउंटने भागा आणि सुमारे 23 ने गुणा, जीएसएम मिळतो. 300 काउंट, साठचं सूत: 5 गुणिले 23, म्हणजे 115. विणताना धागा वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त भरतं. उलट तपासायला हेच उलटं करायचं.

वहिनीची चादर 90 बाय 108 इंच, म्हणजे 6.27 चौरस मीटर. अभ्रे बाजूला ठेवून वजन केलं: 690 ग्रॅम. म्हणजे 110 जीएसएम. आता शंभरचं बारीक सूत धरलं, तरी हजार धाग्यांची चादर 230 जीएसएम व्हायला हवी, दीड किलोच्या जवळपास. 110 मध्ये हजार धागे बसवायला दोनशेच्या वरचं सूत लागेल. ते या किमतीत कुणी देत नाही. म्हणजे आकडा खोटा.

वजन दीड किलो भरलं असतं तरी मी खूश झालो नसतो, तेव्हा संशय पदरांवर गेला असता. अशी चादर जड लागते, हवा कमी जाऊ देते, धुतल्यावर वाळायला वेळ घेते. हलकी असेल तर आकडा खोटा, जड असेल तर बहुतेक पदर मोजलेले. एकपदरी 300 ची सुती पर्केल, म्हणजे साध्या विणीची चादर, मला कोणत्याही हजारापेक्षा प्रिय आहे.

मग वहिनीच्या चादरीच्या शिवणीच्या आतून कापडाचाच एक धागा काढून जाळला. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. हा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. 'ग्लेस कॉटन' या नावाखाली बहुतेक वेळा पॉलिएस्टरच विकलं जातं. मला या नावाची मनापासून चीड आहे.

आता विश्वास कुणावर ठेवायचा. कोल्हापूरची इंडो काउंट ही कंपनी चादरी निर्यात करते, वेलस्पन आणि ट्रायडंट चादरी आणि टॉवेल दोन्ही बनवतात, बॉम्बे डाईंग घराघरांत आहे. पण नावावर थांबू नका. 2016 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीने वेलस्पनशी व्यवहार तोडला. इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्रे दुसऱ्या कापसाचे निघाले होते. त्यानंतर वेलस्पनने कापूस कुठून आला याचा माग ठेवणारी पद्धत सुरू केली. ओको-टेक्सचं लेबल चांगलं, पण ते कापडात घातक रसायनं नाहीत एवढंच सांगतं. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते मूळ सांगतं, जीएसएम नाही.

मी ज्या पाकिटावर कापूस किती टक्के, वीण कोणती, सूत एकपदरी की दोनपदरी आणि माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, तेच उचलतो. फक्त थ्रेड काउंट मोठा आणि बाकी कोरं असेल, तर दुकानदाराला विचारतो, "किती पदरी आहे?" उत्तर आलं नाही तर चादर परत घडी घालून ठेवतो. वहिनीने तिची परत पाठवली, टॉवेलसकट. टॉवेलच्या तक्रारीला काट्याचा फोटो जोडला होता.