पार्श्वभूमी : बातमी खालून कापण्याची रीत आणि मराठी वाक्याचे शेपूट

पान लागत आले आहे, बातमी पाच-सहा ओळी जास्त आहे आणि पान सोडायची वेळ झाली आहे. अशा वेळी डेस्कवर एकच सूचना दिली जाते : ‘खालून काप.’ ही सूचना शिशाच्या खिळ्यांच्या काळातली आहे आणि त्या काळात तिला यांत्रिक कारण होते.

या रीतीचे मूळ बहुतेक वेळा अमेरिकेतील यादवी युद्धात दाखवले जाते. तारा मध्येच तुटत, म्हणून बातमीदार महत्त्वाचे आधी पाठवू लागले, अशी ती कथा. पण जुनी पाने तपासणाऱ्यांना महत्त्वाचे वर आणि कमी महत्त्वाचे खाली, अशी उलट्या मनोऱ्याची ही रचना सर्रास दिसू लागते ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, म्हणजे युद्ध संपून बराच काळ लोटल्यावर. आपल्याकडे ती रुजली ती प्रामुख्याने वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरातून. तो मजकूर भाषांतरासाठी डेस्कवर येई, तेव्हा त्याची बांधणीही बरोबर येई.

खिळ्यांच्या छपाईत खालून कापण्याला पर्याय जवळजवळ नव्हता. परिच्छेदाच्या मधला एक शब्द काढला, की पुढची प्रत्येक ओळ परिच्छेद संपेपर्यंत नव्याने भरावी लागे, कारण प्रत्येक ओळ कॉलमच्या रुंदीला घट्ट बसवलेली असे. ओळच्या ओळ शिशात ओतणाऱ्या यंत्रावरही तेच, फक्त ओळी पुन्हा ओताव्या लागत. देवनागरीत हे काम जास्तच किचकट होते. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या कित्येक पट वाढे. शेवटचा परिच्छेद मात्र जुळारी सरळ उचलून बाजूला ठेवू शकत असे. थोडी जागा उरली तर ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालून ती भरता येई. ब्रोमाइड, म्हणजे फोटो-कागदावर उमटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या, पानावर चिकटवण्याच्या काळात कात्रीने तेच झाले. पट्टीचा खालचा भाग कापला, की काम संपले.

घोळ झाला तो सूचनेच्या अर्थाचा. जुळाऱ्याने उचलला तो पूर्ण परिच्छेद होता. कात्रीच्या आणि पुढे संगणकाच्या काळात ‘खालून’ म्हणजे ‘खालच्या ओळी’ असा अर्थ होऊ लागला. इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद आधी येतात, त्यामुळे शेपूट गेले तरी बऱ्याचदा विधान टिकते. मराठी वाक्याचा जीव त्याच्या शेवटी असतो. ‘गोदामाच्या मालकाने आगीपूर्वी परवाना नूतनीकरणासाठी अर्ज केला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले’ या वाक्यातील ‘असे पोलिसांनी सांगितले’ ही ओळ उडाली, तर पोलिसांचा आरोप वृत्तपत्राचे स्वतःचे विधान होतो. ‘नव्हता’ही उडाले तर ‘अर्ज केला’ एवढेच उरते आणि अर्थच उलटतो. म्हणून मराठीत पूर्ण वाक्यापेक्षा लहान तुकडा खालून काढायचा नाही. हा नियम इंग्रजी मजकुरापेक्षा कितीतरी कडक धरावा लागतो, आणि भाषांतरित पाठ्यपुस्तकांतून तो बहुतेक वेळा सुटतो.

दुसरा वाद खुलाशाच्या जागेचा. आरोप पहिल्या परिच्छेदात आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे शेवटी, ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे, की खालून कापताना पहिला बळी खुलाशाचा जातो. एक पक्ष म्हणतो, खुलासा आरोपाच्या लगेच खाली घ्या, म्हणजे कात्री त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. दुसरा पक्ष म्हणतो, त्याने बातमीचा वेग मरतो, शेवटी ठेवा आणि कापणाऱ्याने सांभाळावे. दुसऱ्या पक्षाचा भरवसा ज्या उपसंपादकावर आहे, तो रात्री बाराला चार पाने लावत असतो. त्यामुळे हा भरवसा फारसा चालत नाही. आरोप आणि खुलासा एकाच परिच्छेदात घालणे ही त्यातल्या त्यात खात्रीची तोड आहे.

एक हिशेब करून पाहू. एका कॉलमात मथळा सोडून ९ सेंटिमीटर जागा आहे आणि ओळींचे अंतर १२ पॉइंट, म्हणजे साधारण ४.२ मिलिमीटर आहे. २१ ओळी बसतात. गोदामाच्या आगीची बातमी २७ ओळींची आहे. परिच्छेद असे : इंट्रो ५ ओळी, जखमी आणि मृत ५, परवान्याबाबत पोलिसांचे म्हणणे ४, अग्निशमन आणि वाहतूक ४, मालकाचा खुलासा ५, गेल्या वर्षीच्या आगीचा संदर्भ ४. मथळा आहे ‘गोदामाला वर्षात दुसरी आग’.

आंधळेपणाने सहा ओळी काढल्या, तर शेवटचा परिच्छेद जातो आणि खुलाशाच्याही दोन ओळी जातात. मथळा ज्या माहितीवर उभा आहे तीच बातमीतून नाहीशी होते. त्याऐवजी शेवटचा परिच्छेद काढा, पण ‘वर्षभरातील ही दुसरी आग आहे’ हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी घ्या. एक ओळ वाढते, म्हणजे २४. मग अग्निशमनाचा चार ओळींचा परिच्छेद काढा. आता २० ओळी झाल्या. त्यातले ‘रस्ता दोन तास बंद होता’ हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदाला जोडले, की एक ओळ भरून बरोबर २१. खुलासा आता आरोपाच्या लगेच खाली आला आहे आणि त्याचा एक शब्दही गेलेला नाही.

कापल्यावर वर परत जाऊन पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘तीन कारणे’ असे लिहून दोनच उरली आहेत का? आडनावाने उल्लेख आहे, पण पूर्ण नाव आणि हुद्दा सांगणारा परिच्छेद गेला का? ‘दरम्यान’ आणि ‘दुसरीकडे’ यांचा मागचा धागा शिल्लक आहे का? अवतरणाचे शेवटचे चिन्ह आहे का? शेवटच्या ओळीत एकच शब्द उरला असेल, तर कापण्याआधी त्याच परिच्छेदातील एखादे ‘यावेळी’ किंवा ‘सदर’ काढा. तेवढ्याने अख्खी ओळ वाचू शकते.

संगणकावर पान लावताना एक नवी चूक आली, आणि ती जुळाऱ्याच्या काळात शक्यच नव्हती. न बसलेला मजकूर चौकटीबाहेर राहतो, पण पडद्यावर दिसत नाही. इनडिझाइनमध्ये चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह येते, तेवढीच खूण. ती पाहिली नाही तर बातमी आपोआप खालून कापली जाते, तेही वाक्याच्या मध्ये. दुसरी पळवाट म्हणजे अक्षरांची आडवी रुंदी ९२-९३ टक्क्यांवर दाबणे. ओळी वाचतात, पण जोडाक्षरे चिकटतात आणि शेजारच्या बातमीजवळ ठेवली की फरक उघड दिसतो.

हल्ली छापील आवृत्तीत कापलेले परिच्छेद वेबवर पूर्ण राहतात. त्यामुळे खुलासा एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, अशी अवस्था होऊ लागली आहे. तक्रार आली, की वाचकाने कोणती प्रत पाहिली होती हे आधी शोधावे लागते. काही डेस्कवर म्हणून पान सोडण्यापूर्वी प्रत्येक बातमीची फक्त शेवटची ओळ मोठ्याने वाचली जाते. पूर्णविराम नसेल, तर पान जात नाही.