ऑनलाइन क्विझ ठरवण्याआधी: संघांची यादी, उत्तरं आणि फी

क्विझसाठी फोन करणारे बहुतेक जण आधी फी विचारतात आणि लगेच पुढे म्हणतात, "लोक जमतील तसे त्यांना टीममध्ये टाका." फीचं सांगूच, पण आधी हे "जमतील तसे टाका" बघू, कारण कार्यक्रमाची पंधरा-वीस मिनिटं तिथेच जातात.

आमचा नेहमीचा साचा असा: झूमवर सगळे एकत्र, सहा-सहा जणांचे संघ, दहा प्रश्नांच्या चार फेऱ्या. प्रश्न मुख्य खोलीत वाचला जातो. फेरी संपली की प्रत्येक संघ आपापल्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे झूममधल्याच वेगळ्या खोलीत, जाऊन चर्चा करतो आणि कॅप्टन गूगल फॉर्म भरतो. कोणाला कुठल्या रूममध्ये पाठवायचं हे आमच्याकडचा माणूस समोरच्या नावांवरून ठरवतो. आता त्या यादीत "Redmi Note 9", "iPhone", पुन्हा "iPhone" आणि "Galaxy Tab" अशी नावं दिसत असतील, तर यातल्या जोशी काकू कुठल्या आणि अकाउंट्सचे सावंत कुठले? मग माइक चालू करून एकेकाला विचारत बसावं लागतं.

उपाय सोपा आहे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी संघांची यादी पाठवा, प्रत्येक संघाचा कॅप्टन ठरवा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूचना टाका: झूममध्ये आल्यावर Rename वर जाऊन नावाआधी संघाचा क्रमांक लिहा, उदाहरणार्थ "3 सुजाता". एवढं झालं की पन्नास माणसं काही मिनिटांत आपापल्या रूममध्ये जातात. उशिरा येणाऱ्यालाही क्रमांक बघून थेट त्याच्या संघात पाठवता येतं.

"काहूटवर का नाही घेत? ते आपोआप गुण देतं की," हाही ठरलेला प्रश्न. काहूट हे क्विझचं ॲप चांगलं आहे, पण त्यात वेगाला गुण असतात. नेहमीच्या गुणपद्धतीत लगेच दिलेल्या बरोबर उत्तराला 1000 च्या आसपास गुण मिळतात आणि वेळ संपता संपता दिलेल्या उत्तराला त्याच्या निम्मे. पुण्यातल्या वायफायवरचा माणूस आणि गावी मोबाइल डेटावरचा माणूस इथे बरोबरीने खेळत नाहीत. त्यातून झूम आणि काहूट एकाच फोनवर असलं, तर ॲप बदलेपर्यंत घड्याळ पुढे गेलेलं असतं. सगळ्यांकडे लॅपटॉप आणि शिवाय फोन असलेल्या कंपनीत आम्ही एक फेरी आनंदाने काहूटवर घेतो, पण आजी-आजोबांसकट खेळणाऱ्या मंडळात नाही.

शिवाय मराठी उत्तरं यंत्राला तपासता येत नाहीत. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन कोणाच्या जन्मदिनानिमित्त साजरा होतो, या प्रश्नाला "कुसुमाग्रज", "वि. वा. शिरवाडकर", "शिरवाडकर" आणि रोमन लिपीत चार तऱ्हांनी, अशी उत्तरं येतात. सगळी बरोबर. गूगल फॉर्मला मात्र आपण आधी भरून ठेवलेलं उत्तर जुळलं तरच ते बरोबर वाटतं. म्हणून आमच्याकडे पुढची फेरी चालू असताना दुसरा माणूस हाताने गुण देतो. निकालावरून वाद होत नाहीत ते यामुळेच.

फी माणशी न घेता संघामागे घेण्याचं कारणही हेच. तपासायचे कागद संघागणिक वाढतात. 48 जणांचा, म्हणजे आठ संघांचा कार्यक्रम धरा. तुमच्यासाठी नव्याने काढलेल्या 40 प्रश्नांचे 6,000 रुपये, दोन माणसांनी दीड तास कार्यक्रम चालवण्याचे 4,000 आणि संघामागे 250 प्रमाणे 2,000, असे एकूण 12,000 रुपये. माणशी 250 पडले. ऐन वेळी चार जण आले नाहीत तरी संघ आठच राहतात, म्हणून रक्कम बदलत नाही. तयार प्रश्नसंच चालत असेल तर प्रश्नांचे 6,000 ऐवजी 2,500 घेतो, मात्र त्यात तुमच्या कंपनीवरची किंवा गावावरची फेरी नसते, आणि लोकांना आवडते नेमकी तीच.

काही मंडळं विचारतात, "शंभर-शंभर रुपये प्रवेश फी घेऊन त्यातूनच रोख बक्षीस दिलं तर?" हे आम्ही करत नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे भरून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. आमची फी मंडळाने किंवा कंपनीने द्यावी, खेळणाऱ्यांना प्रवेश मोकळा ठेवावा आणि बक्षीस आयोजकांनी स्वतःच्या निधीतून द्यावं, असं आम्ही सुचवतो.

तारीख पक्की करताना निम्मी रक्कम, उरलेली कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत. झूमचं सशुल्क खातं आमचं असतं, त्यामुळे फुकटच्या खात्यासारखी 40 मिनिटांनी मीटिंग बंद पडत नाही. आदल्या संध्याकाळी कॅप्टन मंडळींची पंधरा मिनिटांची चाचणी आम्ही वेगळे पैसे न घेता करतो. तिथे फॉर्म एकदा भरून बघितलेला कॅप्टन दुसऱ्या दिवशी "लिंक कुठे आहे?" विचारत नाही.