स्क्रीनबाहेर उघडणारी विंडो

दुसरा मॉनिटर काढल्यावर एखाद्या प्रोग्रामची विंडो दिसेनाशी होते. प्रोग्राम चालू असतो, टास्कबारवर त्याचे चिन्ह असते, माउस त्यावर नेला की छोटे चित्रही दिसते. पण क्लिक करूनही स्क्रीनवर काही येत नाही. चिन्ह आहे आणि विंडो नाही, हीच या बिघाडाची खूण. येथे विंडोज प्रणालीपुरता विचार केला आहे.

विंडोज सगळे मॉनिटर मिळून एकच मोठे पटल धरते. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे (0, 0). लॅपटॉपची स्क्रीन 1920 × 1080 असेल आणि दुसरा मॉनिटर तिच्या उजवीकडे मांडला असेल, तर त्या मॉनिटरची सुरुवात 1920 पासून होते. डावीकडे मांडल्यास आकडे ऋण होतात. अनेक प्रोग्राम बंद होताना आपली जागा लिहून ठेवतात, समजा डावीकडून 2300, वरून 150. मॉनिटर काढल्यावर 1919 च्या पुढे दाखवायला जागाच उरत नाही, तरी प्रोग्राम पुन्हा 2300 वरच उघडतो. केबल काढताना उघड्या असलेल्या विंडो विंडोज सहसा स्वतःच उरलेल्या स्क्रीनवर आणते. म्हणून दोष बहुधा त्या प्रोग्रामचा असतो: जुनी जागा अजून अस्तित्वात आहे का, हे तो तपासत नाही.

सर्वांत भरवशाचा उपाय कीबोर्डचा आहे. Alt+Tab ने ती विंडो निवडावी, Alt+Space दाबावे आणि मग M. आता कोणतीही एक बाणाची कळ एकदा दाबावी. ही पायरी हमखास राहून जाते, आणि तिच्याशिवाय विंडो माउसला चिकटत नाही. कळ दाबल्यावर माउस हलवला की विंडो त्याच्यामागून स्क्रीनवर येते. हवी तिथे क्लिक करून सोडावी. Move हा पर्याय फिका दिसत असेल तर विंडो मिनिमाइझ किंवा मॅक्सिमाइझ झालेली असते. आधी Restore निवडावे. काही प्रोग्राम स्वतःची शीर्षकपट्टी रेखाटतात आणि Alt+Space ला दाद देत नाहीत. तिथे Win+डावा बाण दाबून पाहावा. बहुतेकदा विंडो अर्ध्या स्क्रीनवर येऊन बसते. Win+Shift+बाण मात्र विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेतो, त्यामुळे एकच मॉनिटर उरल्यावर त्याचा उपयोग नाही.

मॉनिटर फक्त बटणाने बंद केला असेल आणि केबल जोडलेलीच असेल, तर प्रकरण वेगळे. विंडोज तो मॉनिटर अनेकदा हजरच धरते आणि विंडो त्या काळ्या स्क्रीनवर उघडतात. अशा वेळी Win+P दाबून PC screen only निवडावे, किंवा Win+Shift+बाण वापरावा.

विंडो परत आल्यावर प्रोग्राम नेहमीच्या पद्धतीने एकदा बंद करून उघडावा, म्हणजे नवी जागा नोंदली जाते. टास्क मॅनेजरमधून मारून टाकल्यास ती नोंद सहसा होत नाही आणि पुढच्या वेळी विंडो पुन्हा 2300 वर जाते.